भूपातला आरसा

ग रे सा ध. शेवटचा ध मंद्रातला. भूप शिकणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत ही सुरावट पहिल्या महिन्यातच बसते. चौल-रेवदंड्याकडच्या भजनांत मी पेटी वाजवतो, आणि अलीकडे याच चार सुरांवर पेटी, व्हायोलिन आणि तबला यांच्यासाठी एक मोठी रचना बांधतो आहे. बाहेरून नवी सुरावट आणायची नाही, जे वाढेल ते या चारांतूनच, एवढी एक अट मी घातली आहे.

सर्वांत सोपी वाट पलट्याची. तीच चाल एकेक सूर वर सरकवायची: प ग रे सा, मग ध प ग रे, मग सां ध प ग. पट्टीवर बोटांची हालचाल तशीच राहते, पण कानाला प्रत्येक पायरी वेगळी लागते. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे ग-प आणि ध-सां ही अंतरं मोठी आहेत, आणि ती मोठी उडी दर वेळी सुरावटीतल्या वेगळ्या जागी येते. पलटा कंटाळवाणा होत नाही तो यामुळेच. धोका तिसऱ्या पायरीवर असतो. ‘ध प ग रे’ वाजवताना ध वर जरा रेंगाळलं, की ऐकणाऱ्याला देशकार दिसू लागतो. सूर तेच, पण देशकारात ध वादी आणि भूपात ग. म्हणून तिथला ध मी आखूड ठेवतो. चौथी पायरी ग वर उतरते, भूपाच्या घरात. तिथे थांबावं. पाचवी वाजवता येते, पण तिची गरज नसते.

खरी गंमत उलटवण्यात आहे. चार सुरांचे क्रम बदलले तर चोवीस प्रकार होतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त हा खंडमेरूचा हिशेब मांडला आहे. पण मी म्हणतो ते उलटवणं निराळं. इथे क्रम तोच राहतो, दिशा उलटते: जिथे सुरावट जेवढी उतरते, तिथे तेवढंच चढायचं. त्यासाठी एक सूर आरशासारखा मधे धरावा लागतो.

आधी मी आरसा सा वर धरला. ग सा च्या जितका वर, तितकंच खाली गेलं की मंद्र कोमल ध येतो. रे चा होतो कोमल नी. सा जागेवरच राहतो. मंद्र ध चा होतो वरचा कोमल ग. म्हणजे ध नी सा ग, धडधडीत मालकंस! भूपाचे पाचही सूर असे फिरवून पाहिले, तर मालकंसाचे पाचही सूर बरोबर हाती येतात. या शोधाने मी हरखून गेलो, पण रचनेत तो घेतला नाही. भूप ऐकायला बसलेल्याला मधेच मालकंसात नेलं, तर त्याचा सा हलल्यासारखा वाटतो.

मग आरसा रे वर धरला, आणि रचनेचं दार उघडलं. रे च्या दोन्ही बाजूंना भूपाची अंतरं सारखीच आहेत. ग चा सा होतो, सा चा ग, मंद्र ध चा प. ‘ग रे सा ध’ चं होतं ‘सा रे ग प’. एकही सूर रागाबाहेर जात नाही, एकही अंतर कमी-जास्त होत नाही. शिवाय सा आणि ग, म्हणजे मुक्काम आणि वादी, एकमेकांची जागा घेतात. ‘सा रे ध सा’ हा भूपाचा ओळखीचा तुकडा उलटवला तर ‘ग रे प ग’ येतो, तोही तितकाच ओळखीचा. पिढ्यान्‌पिढ्या गायकांनी हे दोन तुकडे जोडीने का गायले असतील, याचं एक कारण मला इथे दिसतं.

ही सोय सगळीकडे मिळत नाही. भैरवात आरसा सा वर चालतो. बागेश्रीसारख्या रागात मात्र प आरोहात नसतो आणि अवरोहात वाकडा येतो. तिथे सुरावट उलटवली की रागाची चालच मोडते.

तिसरी गोष्ट सूर लांबवण्याची. मूळ सुरावट चार मात्रांची, तीनतालाचा एक विभाग. प्रत्येक सूर चौपट केला की पूर्ण आवर्तन भरतं: समेवर ग, पाचवीवर रे, कालावर सा, तेराव्या मात्रेवर ध. इथे पेटीची परीक्षा होते. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी सूर लवकर उतरतात. खर्ज आणि नर यांच्यात किंचित फरक पडला, तरी जलद तानेत तो लपतो. चार मात्रांच्या सुरात मात्र आवाज हेलकावे घेऊ लागतो. शिवाय माझा एक हात भात्यावर असतो, म्हणून लांब आणि आखूड सुरावट एकाच वेळी मला वाजवता येत नाही.

म्हणून लांब रूप व्हायोलिनला दिलं. ते एक आवर्तनभर ‘ग रे सा ध’ ओढतं, आणि त्यावर पेटी चारही विभागांत उलटी सुरावट वाजवते: सा रे ग प. भूपात अर्ध्या सुराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे कोणताही सूर कोणत्याही सुरावर पडला तरी खुपत नाही. सोळाव्या मात्रेला पेटी प वर असते, व्हायोलिन मंद्र ध वर. समेला एक उतरतं, दुसरं चढतं, आणि दोघांची गाठ ग वर पडते.