सूजि बेड

माझे बालपण मिरजेत गेले. तेथील स्थानकावर कर्नाटकातून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या निरखताना, जिला शिरोरेखा नाही पण डोक्यावर तलकट्टूचा लहानसा तुरा आहे अशा त्या वाटोळ्या कानडी लिपीतली वीसएक अक्षरे मला ओळखू येऊ लागली. अर्थाशी मात्र त्या वयात काही देणेघेणे नव्हते. आणि अक्षर लावता आले म्हणजे शब्द समजला, ही बालबुद्धीची समजूत परिचारिका झाल्यावरही माझ्या ठायी शिल्लक होती, हे मला फार उशिरा कळले.

सीमेलगतच्या एका रुग्णालयात अथणीकडचे एक वृद्ध शेतकरी दाखल होते. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिकेत नळी बसविल्यामुळे त्यांची वाचा बंद होती, व जे सांगावयाचे ते चिठ्ठीवर लिहून देत. रात्रपाळीच्या सिस्टरला कानडी मुळीच येत नसल्याने तिने अशा एका चिठ्ठीचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन पहाटे माझ्याकडे धाडले. कागद घडीचा, उजेड मंद, खालची ओळ घडीच्या सावलीत बुडालेली. वरच्या ओळीतून मी अक्षरे जुळवली : सू, जि, बे, ड. गळ्याच्या रुग्णाने सूज म्हणावे आणि बेड म्हणावे, याहून सुसंगत मजकूर तो कोणता असणार! पाळीवर हजर होताच मी खाटेची उशाकडील बाजू उचलून दिली.

गळा चाचपून पाहिला, तो सूज नव्हती. संशय तेथेच यावयास हवा होता, परंतु मी चिठ्ठीवर विसंबले. आठ वाजता पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविकाचे इंजेक्शन भरून जवळ गेले, तेव्हा आजोबांनी सलाईन लावलेला हात झटकन पांघरुणाखाली ओढून घेतला. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, छायाचित्र पुन्हा उघडून घडीची जागा मोठी केली, आणि जत तालुक्यात कानडी शाळा शिकलेल्या आमच्या वॉर्डातील मावशींपुढे धरले.

"सिस्टर, सूजि म्हंजे सुई, इंजेक्शन. बेड म्हंजे नको. आन् खाली लिवलंय, मै तुरिके. अंगाला खाज सुटतीया."

सदरा वर करून पाहिले, तर पाठभर गांधी उठलेल्या. डॉक्टरांना तत्काळ बोलावून ते औषध बंद करविले, दुसऱ्या वर्गातील औषधाची तजवीज झाली, आणि केसपेपरवर लाल शाईने ॲलर्जीची नोंद पडली. आदल्या रात्रीच्या मात्रेनंतरच खाज सुरू झाली होती, व चिठ्ठी लिहिण्याचे कारणही तेच. पुढील मात्रेने श्वासच कोंडला असता तर, या विचाराने त्या दिवशी माझा हात कितीतरी वेळ थरथरत होता.

मी क्षमा मागितली ती मराठीतच. त्यांनी कागद मागवून घेतला, एकाखाली एक दोन शब्द लिहिले आणि माझे बोट धरून त्यांवरून फिरविले. बेकु, म्हणजे हवे, यासाठी त्यांनी पाण्याच्या भांड्याकडे मान हलविली. आणि बेड या शब्दासाठी ट्रेमधल्या सिरिंजकडे पाहून हात आडवा केला. दोहोंचे पहिले अक्षर एकच होते.