सात ते चार

रांगोळीचा फोटो समोर आला की मी पट्टी बाजूला ठेवते. फोटोतली अंतरं खरी नसतात. फोटो काढणारी दारात उभी राहून, हात जरा पुढे करून तो काढते. त्यामुळे पायाजवळचे ठिपके लांब लांब पडल्यासारखे दिसतात आणि पलीकडच्या ओळी एकमेकींना चिकटतात. पण सरळ ओळ फोटोतही सरळच दिसते, आणि ओळीत सात ठिपके असले तर कुठूनही बघा, सातच भरतात. म्हणून फोटो मापायचा नाही, मोजायचा. एखादीला त्यावरून कृती लिहून द्यायची तर सगळी भिस्त या मोजणीवर असते.

नेरूळला आमच्या मजल्यावर लग्न होऊन आलेल्या मुलीनं तिच्या आईच्या अंगणातल्या रांगोळीचा फोटो मला दाखवला. मधे सहा पाकळ्यांचं फूल, भोवती सहा टोकांची चांदणी. "काकू, नुसतं बघून मला नाही जमत. कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्याला जायचं ते सांगा," म्हणाली. तिचं मागणं अगदी रास्त होतं, पण मधले ठिपके फोटोत दिसतच नव्हते. आपण आधी रेघा काढतो, मग रंग भरतो, आणि शेवटी रंगावरून पांढरी रेघ पुन्हा फिरवतो. ठिपके त्या रंगाखाली जातात.

वाचले होते ते चांदणीबाहेरचे ठिपके. शेजारशेजारच्या कुठल्याही दोन टोकांच्या मधे दोन दोन मोकळे ठिपके दिसत होते. एवढ्यावर सगळं उलगडतं. वरच्या दोन टोकांमधे दोन ठिपके, म्हणजे टोकं धरून पहिली ओळ चारची. डावीकडे तिरक्या कडेनं वरच्या टोकापासून बाजूच्या टोकापर्यंत येतानाही मधे दोनच, म्हणजे बाजूची टोकं चौथ्या ओळीत. ठिपके समोरासमोर नव्हते, वरच्या दोघांच्या मधल्या जागेत खालचा येत होता. अशा मांडणीत मधल्या ओळीपर्यंत दर ओळीला एक ठिपका वाढतो: चार, पाच, सहा, सात. तिथून परत सहा, पाच, चार. आपल्याकडे याला 'सात ते चार' म्हणतात. एकूण 37 ठिपके. सहा टोकं सारखी दिसणारी चांदणी समोरासमोरच्या चौकोनी ठिपक्यांवर बसतच नाही, त्यामुळे मोकळे ठिपके दिसले नसते तरी मांडणीची जात ओळखता आली असती.

आता अंतर. दोन ठिपक्यांमधे 2 इंच ठेवले तर दोन ओळींमधेही 2 इंच ठेवायचे, असं कुणालाही वाटतं, आणि चांदणी तिथेच उभट होते. मधल्या जागेतले ठिपके सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर यायचे असतील तर ओळी थोड्या जवळ याव्या लागतात: 2 इंचांना जवळपास पावणेदोन इंच. तपासायला सोपं आहे. मधली ओळ टोकापासून टोकापर्यंत 12 इंच भरते, आणि पहिल्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंतचं अंतर साधारण साडेदहा इंच भरलं पाहिजे. तेही 12 भरलं तर तिथेच थांबावं, पुढे कितीही सांभाळून रेघा काढल्या तरी आकार सुधारत नाही. मी तिला ठिपक्यांचा कागदच करून दिला. हे माप जाड कागदावर आखलं आणि उदबत्तीनं भोकं पाडली. फ्लॅटच्या गुळगुळीत लादीवर रांगोळी सरकते, म्हणून आधी गेरूचा पातळ हात द्यायला सांगितलं.

मग पत्ते. ओळी पलीकडून आपल्याकडे मोजायच्या, ठिपके डावीकडून. 2-3 म्हणजे दुसऱ्या ओळीतला तिसरा. मधला ठिपका 4-4.

फूल आधी, कारण पाकळ्यांची टोकं जिथे येतात तिथेच चांदणीच्या खाचा पडतात. पहिली पाकळी: 4-4 पासून निघून 3-3 ला स्पर्श करत 2-3 वर जायचं, आणि 3-4 ला स्पर्श करत परत 4-4 ला यायचं. दुसरी पाकळी 3-5 पर्यंत जाते, तिच्या कुशीचे ठिपके 3-4 आणि 4-5. म्हणजे 3-4 दोघींच्या वाट्याला आला. हे तिला मुद्दाम लिहून दिलं. शेजारच्या पाकळ्या एकाच ठिपक्यावर टेकल्या नाहीत तर मधे फट राहते आणि पाकळ्या बारीक होतात. पुढची टोकं 5-5, 6-3, 5-2 आणि 3-2.

पहिली पाकळी सांगून 'बाकीच्या अशाच' असं लिहिणं फार सोपं, पण मला ते पटत नाही. अशा मांडणीत दर ओळ अर्ध्या ठिपक्यानं सरकलेली असते, त्यामुळे पत्ते एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीवर नुसते उचलून ठेवता येत नाहीत. काढून काढून हात बसलेल्या बाईला वळण आठवतं, शिकणारीला आकडाच हवा. सहाही पाकळ्या आकड्यांत लिहायच्या.

चांदणीची रेघ 2-3 पासून 1-4, तिथून 3-5, 4-7, 5-5, 7-4, 6-3, 7-1, 5-2, 4-1, 3-2, 1-1 आणि परत 2-3. खरी अडचण इथे आहे. या बारा रेघांपैकी एकही शेजारच्या ठिपक्याला जात नाही, प्रत्येक रेघ दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाते. 1-4 वरून 3-5 ला येताना दुसऱ्या ओळीत 2-4 आणि 2-5 यांच्या मधली मोकळी जागा ओलांडावी लागते. नवीन हात मोकळ्या जागेला बिचकतो आणि जवळच्या ठिपक्याकडे ओढला जातो. तो 2-4 कडे वळला की टोक चिमटतं, 2-5 कडे वळला की फुगतं. म्हणून प्रत्येक रेघेपुढे, ती कुठल्या दोघांच्या मधून जाते तेही लिहिलं. आणि एक खूण सांगितली: पुऱ्या झालेल्या प्रत्येक टोकाच्या पोटात एकच ठिपका सुटा राहिला पाहिजे. 1-4 च्या टोकात तो 2-4. रेघ त्याला चिकटली किंवा तो बाहेर पडला, तर तेवढंच टोक पुसायचं, फुलाला हात लावायचा नाही.

ही कृती तिनं समोरच्या तमिळ मामींना दाखवली. त्यांच्याकडेही अशा मांडणीला आकड्यांनीच ओळखतात, 'सात-चार इडुक्कु पुळ्ळी' म्हणतात, त्यामुळे कागद त्यांनी लगेच वाचला. त्यांच्या सिक्कु कोलमची कृती मात्र या पद्धतीनं लिहिता येत नाही. तिथे रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालते, आणि सारी वीण बहुधा एकाच अखंड रेघेची असते. तिथे 'इथून तिथे' लिहून भागत नाही. प्रत्येक ठिपका रेघेच्या डाव्या अंगाला राहतो की उजव्या, आणि रेघ स्वतःला छेदते ती कुठल्या दोघांच्या मधे, हे लिहावं लागतं. मामींच्या उंबऱ्यातल्या कोलमचा फोटो घेऊन मी सध्या तेच लिहिते आहे. सुरुवात चौकोनी मांडणीपासून केली आहे, ज्याला त्या 'नेर पुळ्ळी' म्हणतात, कारण तिथे निदान पत्ते तरी सरकत नाहीत.