कुंडीखालचं पाणी



दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात माझ्या हातून एक चूक झाली. गॅलरीतल्या झेंडूची रोपं एका रात्रीत देठापासून कुरतडलेली दिसली. पानांवर चकाकणारे चिकट माग होते. रागाच्या भरात मी स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणलं आणि कुंडीखाली दिसलेल्या बिनशंखाच्या गोगलगायींवर टाकलं. मीठ त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. त्या फेस काढत आक्रसल्या. पाठशाळेत शंख, गांडूळ हे द्वींद्रिय जीव म्हणून मीच मुलांना शिकवते. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, पण डोळ्यांपुढून ते जाईना.

नंतर प्रत्येक कुंडी उचलून पाहिली, तेव्हा कारण समजलं. आमच्या कोल्हापुरात आषाढ लागला की आठवडाआठवडा ऊन दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी सांडू नये म्हणून ठेवलेल्या ताटल्या तशाच राहिल्या होत्या, काठोकाठ भरून. गोगलगायी दिवसा लपायच्या त्या तिथेच, कुंडी आणि ताटलीच्या मधल्या ओल्या अंधारात. राहायची जागा मीच दिली होती.

आता पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्या ताटल्या काढून, धुऊन, माळ्यावर टाकते. प्रत्येक कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवते, भोक मोकळं राहील अशी. खालून वारा जातो, फरशी सुकते आणि रोज झाडताही येतं. ज्या कुंडीत वरच पाणी साचतं ती, मुसळधार पाऊस असेल तेव्हा, एका बाजूला जरा कलती करून टेकवते.

मोगऱ्याची कुंडी मात्र विटांवर असूनही बिघडली. पानं पिवळी पडून मान टाकायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला पाणी कमी पडतंय." माती तर चिखल होती! माती ओली आणि झाड मलूल, म्हणजे मुळं गुदमरली आहेत असं समजायचं, कारण मातीतली हवेची जागा पाण्यानं भरलेली असते. कुंडीला आंबूस वासही येत होता. खालच्या भोकातून काडी घातली तर ते मातीनं गच्च बुजलेलं. झाड गोळ्यासकट अलगद बाहेर काढलं. पांढरी, टणक मुळं चांगली होती. तपकिरी, हाताला मऊ लागून साल सुटणारी तेवढी कापली. तळाशी मी दोन बोटं खडे घातले होते, निचरा होईल म्हणून. खरं तर पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते वरच्या मातीतच थबकतं. खडे काढले, भोकावर फक्त एक खापरी पालथी ठेवली आणि मातीत जाड वाळू व जुनं शेणखत मिसळलं. मग पंधरा दिवस पत्र्याखाली ठेवून माती वरून दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही.

गुलाबाच्या पानांवर काळे, झालरीसारख्या कडांचे ठिपके येतात. ती बुरशी. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ती धरते, आणि पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या पानावरून वर चढते. म्हणून गुलाब वळचणीखाली, कुंड्यांत वीतभर अंतर, आणि पाणी द्यायचं झालंच तर पानांवर नाही, मातीला. गळलेली पानं रोज उचलते. झाडावरची मात्र हात लावताच सुटतील तेवढीच घेते. चातुर्मासात हिरवं पान खुडायला मन होत नाही. एकदा पडलेला ठिपका जात नाही, पण नवी पानं वाचतात.

गोगलगायींसाठी कुणी अंड्याची टरफलं पसरायला सांगतं. ती आपल्या घरात यायचीच नाहीत, पण तुमचं काही बुडालं नाही, माझ्या ओळखीतल्या कुणालाही त्यांचा उपयोग झालेला नाही. मी तांब्याची पट्टीही लावून पाहिली. दोन दिवसांनी एक बाई त्या पट्टीवरूनच चालली होती!

सूर्यास्तापूर्वी जेवणं आटोपलेली असतात, त्यामुळे आठनंतर बॅटरी घेऊन गॅलरीत जायला वेळ मिळतो. एक ओलं पोतं घडी करून कोपऱ्यात ठेवते. पहाटेपर्यंत बऱ्याच जणी त्याखाली जमतात. पुठ्ठ्यानं हलकेच उचलून जुन्या डब्यात घेते आणि गल्लीच्या टोकाच्या ओढ्याकाठी, पालापाचोळ्यात सोडते. उन्हात किंवा रस्त्याकडेला सोडणं म्हणजे मीठ टाकल्यासारखंच. घराशेजारी सोडल्या तर परत येतात. मातीत पारदर्शक मण्यांसारखी अंडी सापडली, तर ती मातीसकट तिकडेच नेते.

पहिल्या रात्री एकोणीस निघाल्या. काल तीन होत्या, झेंडूची दोन पानं खाल्लेली होती, आणि मोगऱ्याला बुडाशी कोवळा फुटवा आला आहे.