हत्तीमागे गेलेले शास्त्री

आदरणीय डॉ. मोहन आगाशे यांना,


मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे, यांच्यात माझा दिवस जातो. पण हे पत्र आबांच्या नातीचं आहे.

तुमचा ‘अस्तु’ चित्रपट पाहिला तेव्हा आमचं घर पार थकलं होतं. तिन्हीसांजेला आबा पिशवी घेऊन दाराशी उभे राहत. “मला घरी जायचंय.” मग कुणीतरी सांगे, “आबा, हेच आपलं घर.” ते चिडत, आजी रडे. त्यात दिवसातून चारदा त्यांची परीक्षा: “मी कोण, ओळखा बघू?”

तुमचे चक्रपाणी शास्त्री गाडीतून उतरून हत्तीमागे निघाले, तेव्हा ते ‘विसरलेला माणूस’ दिसत नव्हते. डोळ्यांत हत्तीच होता, दुसरं काही नव्हतं. पुढे माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, ते आई म्हणतात आणि ती ते आईपण निभावून नेते. तुम्ही स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तरी अभिनयात निदान दाखवण्याचा सोस कुठेच नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्मृतिभ्रंशात बहुधा आधी ताजी आठवण जाते. जुनं, घोकलेलं बराच काळ टिकतं. घडलेला प्रसंग पुसला जातो, पण त्याने आलेली अस्वस्थता मागे राहते. म्हणून आबांना सकाळचं भांडण आठवत नसे, तरी दुपारभर ते धुमसत असत.

मग आम्ही आबांना दुरुस्त करणं सोडलं. अंधारायच्या आधीच दिवे लावायचे, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो. ते “घरी” म्हणाले की विचारायचं, “घरी कोण आहे?” आबा विहीर, गोठा, आईची चूल सांगत. सांगून झालं की चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि बोलत बोलत परत यायचं. परतल्यावर दार तेच असे, पण आबा निवांत आत येत.

रोजच जमे असं नाही. एकदा तर दोन दिवसांत ते एकदम बिघडले. रात्रभर भिंतीशी बोलत होते, दिवसा ग्लानीत. स्मृतिभ्रंश सहसा असा झपाट्याने बळावत नाही. असा बदल दिसला की लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन औषध ही कारणं आधी शोधायची असतात. आबांना संसर्गच निघाला. उपचारांनी ते पुष्कळसे पूर्वपदावर आले.

आबा आता नाहीत. शेवटच्या वर्षात ते मला ‘अक्का’ म्हणत. अक्का त्यांची थोरली बहीण. मी ओ देत असे, आणि ते तुमच्या शास्त्रींमुळे जमलं. त्याबद्दल मनापासून आभार.

एक विचारायचंय. हत्तीकडे बघतानाची ती नजर तुम्हाला वॉर्डातल्या कुणा रुग्णात सापडली, की एखाद्या लहान मुलात? माझ्याकडे येणाऱ्या घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल.

आपली,
एक नात