पत्रातली एक ओळ

आजी गेल्यानंतर महिनाभराने त्यांच्या मुलीचं पत्र आलं. फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून ताईंनी लिहिलं होतं. त्यात मला त्यांनी घरातलं माणूस म्हटलंय, आईच्या शेवटच्या वर्षांत आपण निर्धास्त झोपू शकलो म्हणून आभार मानलेत, आणि दिवाळीला घरी यायचं असं बजावलंय. पत्र मी जपून ठेवलं आहे. पण वाचताना दर वेळी मी थांबते ती पाठच्या बाजूला, मध्येच आलेल्या एका वाक्याशी. ‘चार वर्षं आई अंथरुणाला खिळून होती, पण तिला एकही बेडसोर झाला नाही.’ बाकीच्या पत्रात माझा स्वभाव आहे. या ओळीत माझं काम आहे.

मी ए.एन.एम. झालेली आहे. काही वर्षं दवाखान्यात काढली आणि मग पुण्यात ब्यूरोतर्फे घरोघरी पेशंट सांभाळायला लागले. आजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दुखतंय, टोचतंय, जरा सरकव, हे सांगायची सोय उरली नव्हती. आपण झोपेतसुद्धा न कळत कूस बदलतो, कारण दबलेलं अंग आतून कुरकुरतं. आजींच्या उजव्या अंगाला ती कुरकुर कळतच नव्हती, आणि डाव्या अंगाची कळली तरी स्वतःहून वळता येत नव्हतं.

बेडसोर होतो तो हाडापाशी. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, इथे हाड आणि कातडी यांच्यात मांस थोडंच असतं. अंगाचं वजन हाडावर येतं, हाड आणि गादीच्या कात्रीत मांस दबतं, तिथलं रक्त थांबतं. जास्त वेळ थांबलं की आतलं मांस मरायला लागतं. बरेचदा सुरुवात खोलवर, हाडाच्या अंगाला होते. म्हणून वर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत पोकळी त्याहून मोठी निघते. जखम दिसली की उपचार करू, असं म्हणून हे काम चालत नाही.

आजी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा माकडहाडावर लाल डाग होता. पहिल्या अंघोळीलाच तो पाहिला. अशा डागावर मी बोट टेकवते, थोडं दाबून धरते आणि उचलते. बोटाखालची जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतं आहे. दाबूनही लालच राहिली तर आत इजा सुरू झाली. आजींचा डाग लालच राहिला. आजी गोऱ्या होत्या म्हणून हे डोळ्यांना दिसलं. माझ्यासारख्या सावळ्या अंगावर ही लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहावं लागतं. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का, टणक किंवा भुसभुशीत लागते का, रंग आजूबाजूपेक्षा गडद आहे का. नव्या मुलींना मी सांगते, डोळ्यांवर विसंबू नका, बोटं वापरा.

त्याच दिवशी आजींच्या सुनेने, वहिनींनी, प्रेमाने खोबरेल तेल आणून ठेवलं होतं, डागावर चोळायला. पुष्कळ घरांत स्पिरिट आणि पावडरही ठेवलेली असते. कोरड्या हातापायांना हलक्या हाताने तेल लावावं, पण लाल डाग चोळायचा नाही. खालचं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्याने ते आणखी फाटतं. स्पिरिटने कातडी कोरडी होऊन तडकते. मधोमध भोक असलेली गोल उशीही मी काढून ठेवायला लावली. भोकातली जागा मोकळी राहते, पण कडेने गोल दाब बसतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठाच अडतो. त्या डागाला औषध एकच होतं, त्यावर वजन पडू न देणं. तो पूर्ण मावळेपर्यंत आजींना उताणं निजवलं नाही, जेवणापुरतं बसवलं तेवढंच.

कूस बदलायची म्हणजे पूर्ण आडवं करायचं नाही. तसं केलं की सगळं वजन खुब्यावर येतं. पाठीमागे उशी देऊन अर्धीच कूस द्यायची, जेमतेम तीस अंश, म्हणजे भार ढुंगणाच्या मांसल भागावर राहतो. मग मी आजींच्या कमरेखाली हात सरकवून बघायची, माकडहाड खरंच अधांतरी आहे का. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक लांब उशी, अशी की टाचा तिच्यापलीकडे हवेत राहतील. उजव्या बाजूला डाव्यापेक्षा कमी वेळ ठेवायचं, कारण ती बाजू बोलत नाही. आणि लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही. अर्धांगवायूत खांद्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात, ओढलं की सांधा निसटतो. आजींचा मुलगा, दादा, पहिल्यांदा काखेत हात घालून त्यांना वर घ्यायला गेले तेव्हा मी त्यांना थांबवलं. खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी चादर चौपदरी करून अंगाखाली घातली. दोन बाजूंनी दोघांनी तिच्या कडा धरायच्या, उचलायचं, आणि मग सरकवायचं. चादरीवरून ओढत नेलं तर कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि हाड आत पुढे सरकतं. या ताणाने आतल्या बारीक नसा तुटतात.

हाच ताण जेवणाच्या वेळी येतो आणि ते मला या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं. भरवताना आणि भरवल्यावर अर्धा तास आजींना बसतं ठेवणं भाग होतं, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. पण बसतं ठेवलं की त्या हळूहळू पायाकडे घसरायच्या आणि माकडहाड घासलं जायचं. त्यावर उपाय कॉटच्या दोन हँडलांमध्ये होता. आधी गुडघ्यांकडचं हँडल फिरवून पाय दुमडते करायचे, नंतर डोक्याकडचं. क्रम उलटा झाला की माणूस घसरलंच. अर्धा तास झाला की डोकं पुन्हा खाली, तीस अंशांच्या वर नाही.

एअर बेड घरात आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. एअर बेडच्या फुग्यांत आळीपाळीने हवा भरते आणि सुटते, म्हणून एकाच जागी सतत दाब राहत नाही. चांगली वस्तू आहे, पण तिच्या भरवशावर कूस बदलणं सोडता येत नाही. हवा पुरेशी आहे का ते मी गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा घालून बघायची. हाताला हाड लागलं तर ती गादी नसल्यासारखीच. थंडीत वहिनींनी आजींना उबदार वाटावं म्हणून त्यावर गोधडी घातली होती, ती काढायला लावून मी पांघरूण वाढवलं. फुग्यांवर एकच सुती चादर, तीही सुरकुती न ठेवता. वीज गेली की हवा बसते, तेव्हा घड्याळ लावून जास्त वेळा वळवायचं.

ओल दाबाइतकीच वाईट. भिजलेली कातडी लवकर सोलली जाते, म्हणून डायपर भरेपर्यंत वाट पाहायची नाही. आणि नुसत्या डाळीच्या पाण्यावर कातडी तग धरत नाही, तेव्हा घट्ट वरण, दूध, पनीर मऊ करून.

आता पत्रातली एक गोष्ट मला मान्य नाही. ताईंनी लिहिलंय, ‘हे सगळं तुम्ही एकटीने केलंत.’ तसं झालं नाही आणि होऊही शकत नाही. चोवीस तासांची ड्यूटी असली तरी रात्रभर दर दोन तासांनी उठणारी बाई काही आठवड्यांतच आजारी पडेल, किंवा एके रात्री गजर ऐकणारच नाही. आजींच्या घरात रात्री अकरा आणि तीनची पाळी माझी होती, एकची दादांची, पाचची वहिनींची. कॉटच्या उशाशी एक वही दोरीने बांधली होती. तिच्यात वेळ आणि एक अक्षर लिहायचं, डावीला ‘डा’, उजवीला ‘उ’, पाठीला ‘पा’. शेजारी डाग दिसला तर जागा आणि बोटाने दाबल्यावर काय झालं ते. रविवारी माझी सुट्टी असायची आणि बदली बाई यायची. तिला तोंडी काही सांगायची गरज पडायची नाही, शेवटचं अक्षर बघून पुढची कूस कुठली ते तिला कळायचं. झोपेतून उठलेल्या दादांनाही तेवढंच पुरायचं. अशा तीन-चार वह्या झाल्या. त्या अजून त्या घरात असाव्यात.

दुसरी गोष्ट त्या ओळीबद्दलच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात बेडसोर हा बहुधा आजाराचा नव्हे तर शुश्रूषेचा दोष असतो असं म्हटलं आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक पेशंटांबाबत मी तेच म्हणेन. पण ‘बहुधा’ हा शब्द सोडून चालत नाही. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत हृदय, मूत्रपिंड थकतात, तशी कातडीही थकते. तिच्यापर्यंत रक्तच पुरेसं येत नाही. अमेरिकेत कॅरन केनेडी या नर्सने 1989 मध्ये अशा जखमांवर लिहिलं. माकडहाडावर नासपतीच्या आकाराचा लाल-जांभळा-काळा डाग एक-दोन दिवसांत उमटतो आणि झपाट्याने पसरतो, आणि पुष्कळदा माणूस त्यानंतर थोडेच दिवस असतं. आजींना तसं झालं नाही. दुसऱ्या एका घरी आजोबांना झालं, कूस तशीच बदलत होतो, वहीही तशीच होती. त्यांची सून माझ्यासमोर स्वतःला दोष देत रडली. म्हणून ताईंची ही ओळ वाचणाऱ्या कुणी आपल्या घरातल्या जखमेवरून लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नये असं मला वाटतं. जखम कशी आली, किती दिवसांत आली आणि त्याआधी वहीत काय लिहिलं होतं, ते बघावं.

हे पत्र माझ्या उपयोगाचंही आहे, हे सांगायला मला संकोच नाही. आमच्या कामात पुढचं घर मिळतं ते मागच्या घराच्या शब्दावर. ‘प्रेमळ आहेत, घरच्यासारख्या आहेत’ हे प्रत्येक बाईबद्दल लिहिलेलं असतं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. म्हणून मी ताईंना फोन केला. म्हटलं, पत्र माझ्याजवळच राहील, पण मला दाखवायला अजून एक कागद हवाय. त्यात आजींना काय झालं होतं ते लिहा, मी कुठली कामं करत होते ते लिहा, रात्रीच्या पाळ्या कशा वाटून घेतल्या होत्या तेही लिहा, कारण पुढच्या घराने आधी तेच वाचायला हवं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मावशी, वह्या काढते. तारखा बघूनच लिहिते.”

तो कागद घेऊन मी परवा नव्या घरी गेले. तिथल्या मुलाने तो नीट वाचला, रात्रीच्या पाळ्यांपाशी थांबला आणि बायकोकडे पाहिलं. मग मला विचारलं, “आम्हाला काय करावं लागेल?” त्याच्या वडिलांचा पलंग भिंतीला चिकटून होता. मी म्हटलं, आधी हा दोन फूट पुढे घ्या, म्हणजे पलीकडून तुम्हाला उभं राहता येईल.