जळालेली डिस्क आणि उधारीचा खाता

कसबा बावड्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या किराणा दुकानाला मध्यरात्री आग लागली. सकाळी मी पोहोचलो तेव्हा गल्ल्यामागच्या खोलीत ओल्या राखेचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास कोंदला होता. संगणकाची पेटी वितळून वाकडी झाली होती. रोजची नक्कल ठेवलेली छोटी पोर्टेबल डिस्क मात्र तिजोरीतून जशीच्या तशी निघाली. त्यांचा मुलगा म्हणाला, “काका, ही वाचली. ती पेटीतली भंगारात टाकू या का?”

प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

हार्ड डिस्कमधील नोंदी ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गोल चकत्यांवर, अतिशय पातळ चुंबकीय थरात असतात. हा थर शेकडो अंश तापल्याशिवाय आपले चुंबकत्व सोडत नाही. त्याआधी बाहेरचे भाग हार मानतात : प्लॅस्टिक वितळते, सर्किट बोर्डावरील डाखाचे सांधे साधारण दोनशे अंशांच्या आसपास सुटतात. शिवाय खोलीतील खरी उष्णता छताजवळ असते. जमिनीलगत ती पुष्कळ कमी असते. म्हणून खाली ठेवलेल्या पेटीतील डिस्क दिसायला कोळसा झालेली, पण आतून शाबूत असू शकते.

याचा सर्वांत मोठा दाखला अवकाशातून आला. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान परतताना फुटले. काही महिन्यांनी टेक्सासमधील एका कोरड्या तळ्यात त्यातील सुमारे 400 एमबीची डिस्क सापडली. बोर्ड जळालेला, आत माती शिरलेली. तरी मिनेसोटातील तज्ज्ञांनी सुमारे 99 टक्के मजकूर परत मिळवला. चकत्या वाकलेल्या नव्हत्या, डिस्क निम्मीच भरलेली होती आणि डॉस प्रणाली नोंदी सलग लिहीत असल्याने खराब झालेल्या जागेत फारसे काही नव्हते. त्याच यानातील इतर दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळाले नाही. तेव्हा आशा असते, खात्री नसते.

आता तिजोरीतली डिस्क. आम्हा बँकवाल्यांनाही हा मुद्दा उशिराच कळतो. अग्निरोधक तिजोरी कागदासाठी बनवलेली असते. आतील तापमान सुमारे 177 अंश सेल्सियसच्या खाली राहिले की ती कसोटीस उतरली, कारण तेवढ्यावर कागद पेटत नाही. संगणकीय माध्यमांसाठीच्या वेगळ्या तिजोऱ्यांत ही मर्यादा 52 अंशांची असते. त्यातच तिजोरीच्या भिंतीतील जिप्समसारखा पदार्थ तापल्यावर वाफ सोडतो. तीच वाफ कागद वाचवते आणि डिस्कला घाम फोडते.

मुलाच्या मेहुण्याने ही वाफाळलेली, धूर लागलेली डिस्क उत्साहाने लॅपटॉपला जोडली. टक् टक् असा आवाज आला. तिने थांबण्याची सूचनाच दिली होती, पण त्याने दोनदा पुन्हा जोडून पाहिली. डिस्क फिरताना वाचणारे डोके चकतीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असते. काजळीचा बारीकसा कण त्यापुढे डोंगरच. डोके कणावर आपटून चकती खरवडली गेली. जिथला थर निघाला तिथल्या नोंदी कोणीही परत आणू शकत नाही.

पेटीतील डिस्कला मी हात लावू दिला नाही. (विम्याच्या सर्वेक्षकाने छायाचित्रे घेईपर्यंत ती हलवायचीही नव्हती.) अग्निशमन दलाच्या पाण्याने ती भिजली होती. उन्हात ठेवण्याचा, तांदळात पुरण्याचा, हेअर ड्रायर मारण्याचा सल्ला चौघांनी दिला. परंतु पाणी सुकले की त्यातील गाळ व क्षार चकतीवर घट्ट बसतात, आणि जळक्या वायरींच्या धुरातील आम्ल धातू खाऊ लागते. म्हणून ती न सुकवता, ओलसर कापडासह बंद पिशवीत घालून, तत्काळ पुण्यातील प्रयोगशाळेत पाठवली.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिरालाही हे काम देऊ नये. डिस्क उघडण्यासाठी जवळजवळ धूळरहित खोली लागते : एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे शंभरापेक्षा जास्त कण नकोत. ‘दुसरा बोर्ड लावतो’ म्हणणाऱ्यापासूनही सावध राहावे. प्रत्येक डिस्कच्या जुळणीची माहिती तिच्याच बोर्डावरील एका चिपमध्ये असते, ती जपून हलवावी लागते. मी तीनच प्रश्न विचारले : तुमची स्वच्छ खोली आहे का? तपासणीनंतर लेखी अंदाज देता का? मजकूर न मिळाल्यास किती आकारणार? उत्तरे टाळणाऱ्या दोघांना नकार दिला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. बोर्ड निकामी, पण चकत्या स्वच्छ धुऊन नव्या डोक्यांनी वाचता आल्या. हिशोबाच्या फाइली जवळजवळ सगळ्या मिळाल्या. जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवर होतीच; पण कोणाकडे किती उधारी हे तिथे कुठून असणार? माल घेतलेली घरे, थोडे थोडे फेडणारे कारागीर, सगळे त्या खात्यात होते. ते उघडून स्नेही प्रथम गप्प बसले, मग मुलाला म्हणाले, “आता नक्कल ताईच्या घरी जयसिंगपूरला ठेव. दर शनिवारी.”

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांचे गणित निराळे आहे. त्यांत चकती नसते, मजकूर विद्युतभाराच्या रूपाने चिपमध्ये असतो. तापल्यावर तो भार लवकर गळतो आणि चिप शाबूत असली तरी नियंत्रक जळाला तर मजकूर अनेकदा कुलूपबंदच राहतो. तिथे आशा थोडी कमीच धरावी.