पाव गोळी

वहिनींचा भांग रुंद होत चालला होता. केस मुठीने गळत नव्हते, एकेक बारीक होत होता. मिनॉक्सिडिलचा फवारा वर्षभर लावून पाहिला. टाळूला खाज, केस चिकट, आणि सकाळी शाळा गाठायची घाई. मग डॉक्टरांनी त्याचीच अडीच मिलिग्रॅमची गोळी दिली. घ्यायची पाव. ती पाव करताना ओट्यावर जो चुरा झाला, त्यावरून दादा म्हणाला, "आज ओट्याला केस येणार."

*

औषध मुळात रक्तदाबाचं. १९७९ साली अमेरिकेत आलं ते इतर गोळ्यांना न जुमानणाऱ्या दाबासाठी, दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवू लागले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. केसांसाठी बायकांना साधारण पाव ते सव्वा मिलिग्रॅम देतात, पुरुषांना अडीच ते पाच. हा वापर औषधाच्या मंजुरीत लिहिलेला नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात.

*

वहिनींना धास्ती दाबाची. त्यांचा ११८/७६. एवढ्याशा डोसाने तो सहसा फारसा हलत नाही. २०२१ साली १,४०४ रुग्णांची पाहणी छापून आली: डोकं हलकं होण्याची तक्रार शंभरात दोघांचीही नाही, नको तिथे केस मात्र पंधरा जणांना. म्हणजे धास्ती चुकीच्या जागी होती.

तरी बघायचं ते बघावं. या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडल्या की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटतोय का, दोन-चार दिवसांत वजन किलो-दोन किलो वाढलं का, बसल्या जागी धडधडतं का. दाबाची गोळी आधीच चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. हृदय कमजोर असेल, हृदयाभोवती पाणी असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे औषध नाहीच.

*

पाचव्या आठवड्यात केस जास्तच गळाले. जुने केस जागा सोडतात तेव्हा असं होतं, पण हे आधी सांगितलं नव्हतं म्हणून वहिनी रडल्या. गोळी थांबवली नाही, हे बरं.

तिसऱ्या महिन्यात कानशिलांवर लव. दाढीसारखे राठ केस नव्हेत. पुरुषी संप्रेरकांशी याचा संबंध नाही. औषध रक्तातून फिरतं, गाल आणि टाळू यांत भेद करत नाही. स्पेनमध्ये २०१९ साली तान्ह्या बाळांच्या पित्ताच्या औषधात चुकून मिनॉक्सिडिल गेलं, तर त्यांच्या अंगभर केस आले होते.

गोळी सोडली की लव काही महिन्यांत जाते. पण टाळूवर कमावलेलंही त्याच वाटेने जातं.

*

आठवा महिना. भांग बोटभर होता, आता अर्ध्या बोटाचा. वहिनी महिन्यातून एकदा थ्रेडिंगला जातात. पाव गोळी चालू आहे.